पेपरावरचा तो एक रकाना

पत्र

मी नववीला गणित शिकवते. आमच्या शाळेत वेगवेगळ्या वंशांची मुलं आहेत. त्यातल्या एका समाजाची मुलं गणितात मागे असतात हे सगळे गृहीत धरून चालतात आणि ती मुलंही ते ऐकून आहेत. आमच्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर नावाखाली 'समाज' असा रकाना आहे. चाचणीनंतर जादा तासाला बसणाऱ्यांची जी यादी लागते, तिला सगळे त्या समाजाच्याच नावाने ओळखतात. गेल्या चाचणीत त्या मुलांची सरासरी बाकीच्यांपेक्षा नऊ गुणांनी कमी होती. परीक्षेआधी मी त्यांना मुद्दाम बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या वेळी सगळ्यांना दाखवून द्या." मग कुठेतरी वाचलं की नुसता समाज लिहायला लावला तरी गुण घसरतात. तेव्हापासून चैन नाही. रकाना काढला तर हा फरक मिटेल का? मुख्याध्यापक म्हणतात, ती माहिती लागतेच. त्या मुलांमध्ये एक मुलगा आहे, फळ्यावर बिनचूक सोडवतो आणि पेपरात निम्मं कोरं ठेवतो. त्याच्याशी काय बोलावं तेही आता मला कळेनासं झालंय.

उत्तर

तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ १९९५ सालच्या एका शोधनिबंधात आहे. क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना भाषेच्या परीक्षेतले अवघड प्रश्न सोडवायला दिले. काहींना सांगितलं, ही तुमच्या बौद्धिक क्षमतेची चाचणी आहे. काहींना सांगितलं, माणसं कोडी कशी सोडवतात एवढंच आम्हाला बघायचंय. प्रश्न तेच. 'क्षमतेची चाचणी' हे शब्द कानावर पडले तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी खाली गेली, गोऱ्यांची गेली नाही. याच निबंधातल्या चौथ्या प्रयोगात क्षमतेचा उल्लेखही नव्हता. सुरुवातीला एक छोटी माहितीपत्रिका भरायची होती आणि निम्म्या मुलांच्या पत्रिकेत वंशाचा एक प्रश्न जास्तीचा होता. तेवढ्यानेही फरक पडला. तुमचा रकाना तो हाच.

त्यांनी याला 'स्टिरिओटाइप थ्रेट' म्हटलं. मी त्याला शिक्क्याची धास्ती म्हणते. पण ही धास्ती म्हणजे 'मी कमी आहे' असं त्या मुलाला वाटणं नव्हे. ही गल्लत फार होते. मुलाचा स्वतःवर पूर्ण विश्वास असू शकतो. त्याला टोचतं ते एवढंच की मी इथे चुकलो तर ती चूक माझी एकट्याची राहणार नाही, आमच्या लोकांबद्दल जे बोललं जातं त्याचा ती पुरावा ठरेल. म्हणून ज्याला विषयाची फिकीरच नाही त्याला ही धास्ती सहसा शिवत नाही. ज्याला विषय आवडतो, ज्याला त्यात काही करून दाखवायचंय, त्यालाच ती गाठते. फळ्यावर बिनचूक सोडवणारा मुलगा या वर्णनात बसू शकतो. बसतोच असं मी म्हणत नाही, त्याच्याकडे शेवटी येते.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. रकाना हलवा, पण नऊ गुणांचा फरक त्याने मिटेल ही अपेक्षा सोडा.

ही अपेक्षा कुठून आली ते मला ठाऊक आहे. 'धास्ती काढून टाकली आणि दोन गटांतला फरक नाहीसा झाला' असं या प्रयोगाबद्दल सर्रास लिहिलं जातं, शिकवलंही जातं. २००४ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वाचन चुकीचं असल्याचं दाखवून दिलं. गुंता समजायला थोडा वेळ लागतो, पण तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात. स्टील आणि अ‍ॅरनसन यांनी प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रवेशपरीक्षेतले जुने गुण घेतले होते आणि नव्या गुणांची तुलना करताना त्या जुन्या फरकाचा हिशेब वजा केला होता. आता समजा, 'अ' गटाची जुनी सरासरी ७० आहे आणि 'ब' गटाची ६०. धास्ती नसलेल्या खोलीत दोघांनी तेच केलं, ७० आणि ६०. जुना फरक वजा केला की आलेखात दोन्ही खांब एका उंचीचे दिसतात. बघणारा म्हणतो, वा, फरक मिटला! तो मिटलेला नसतो, जुना दहाचा फरक जिथल्या तिथे असतो. धास्तीच्या खोलीत 'ब' गट ५५ वर आला, तर शिक्क्याच्या खात्यावर पाच गुण मांडायचे, पंधरा नव्हेत.

उरलेले दहा कुठून येतात हा वेगळा प्रश्न आहे. आधीच्या इयत्तांत काय शिकायचं राहून गेलं, घरी कोण अभ्यास घेतं, कोणत्या वर्गाला कोणता शिक्षक मिळाला, अशा बऱ्याच गोष्टी त्यात येतात. रकाना खोडून त्यातलं काहीच भरून निघत नाही. उलट मला भीती वाटते ती अशी की रकाना काढल्याचं समाधान मानून शाळा त्या दहाकडे पाठ फिरवील.

मग पाच तरी खरे आहेत का? इथे तुम्हाला स्वच्छ सांगायला हवं, कारण तुम्ही वाचलेल्या लेखात बहुधा हे नसणार. चौथ्या प्रयोगात सगळे मिळून पन्नासच्या आसपास विद्यार्थी होते. पुढच्या काळात शेकडो प्रयोग झाले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी परिणाम दिसला. पण असे प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्यांना हेही आढळलं की परिणाम दिसलेले अभ्यास छापले जातात आणि न दिसलेले कपाटात राहतात. नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींवर, पद्धत आधी जाहीर करून, मुली आणि गणित याबाबत मोठा प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धास्तीचा परिणाम आढळला नाही. आणि तुमच्या रकान्याच्या सगळ्यात जवळचा अभ्यास २००४ मधला, लॉरेन्स स्ट्रिकर आणि विल्यम वॉर्ड यांचा. अमेरिकेतल्या कॅल्क्युलसच्या खऱ्याखुऱ्या परीक्षेत त्यांनी काही विद्यार्थ्यांना वंश आणि लिंग पेपरच्या आधी विचारलं, काहींना पेपर झाल्यावर. दीड हजारांहून अधिक विद्यार्थी होते. जागा बदलल्याने गुणांवर दखल घेण्याजोगा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २००८ मध्ये दुसऱ्या दोघांनी तेच आकडे वेगळ्या निकषाने मोजले आणि मुलींच्या बाबतीत हा फरक सोडून देण्याइतका लहान नाही असं म्हटलं. त्यावर पहिल्यांनी पुन्हा उत्तर दिलं. वाद तिथेच आहे.

माझं मत विचाराल तर असं: खऱ्या परीक्षेत, जिथे सगळ्यांना आधीच माहीत असतं की पेपर महत्त्वाचा आहे, तिथे एका रकान्याचा परिणाम लहान असावा, काही मुलांवर असावा, काहींवर अजिबात नसावा. तरीही तो पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर न्यायला काय लागतं? छपाईच्या मजकुरातली एक ओळ हलवायची. फायदा थोडा असू शकतो आणि नुकसान शून्य. त्याहून सरळ म्हणजे ही माहिती प्रवेशाच्या वेळी एकदा घेऊन कार्यालयात ठेवायची आणि पेपरावर फक्त हजेरी क्रमांक. मुख्याध्यापकांचं म्हणणं चुकीचं नाही. कोणता गट मागे पडतोय हे मोजलं नाही तर ते दिसणारच नाही, आणि न दिसलेल्या गोष्टीवर कोणी पैसा खर्च करत नाही. पण ती माहिती मुलाने पेन उघडल्या क्षणी स्वतःच्या हाताने लिहिली पाहिजे, असं कुठल्याच हिशेबाला लागत नाही. त्यांच्याशी याच मुद्द्यावर बोला. 'रकाना काढा' म्हणालात तर ते नियम दाखवतील, 'रकाना हलवा' म्हटलंत तर दाखवायला नियम नाही.

एक मोह आवरा म्हणून सांगते. निम्म्या मुलांना रकाना आधी, निम्म्यांना नंतर देऊन आपल्याच शाळेत प्रयोग करून बघू, असं तुमच्या मनात येईल. समजा वर्गात त्या समाजाची चौदा मुलं आहेत. सात इकडे, सात तिकडे. वर्गातल्या गुणांचं प्रमाण विचलन पंधरा असेल, तर सात-सात मुलांच्या सरासऱ्यांत नुसत्या योगायोगानेच आठ गुणांच्या आसपास फरक पडू शकतो. त्यातून पाच गुणांचा परिणाम तुम्हाला कसा ओळखू येणार? तीन गुणांचा परिणाम खात्रीने पकडायचा तर दोन्हीकडे चारचारशे मुलं लागतात. तेव्हा पुढच्या चाचणीत रकाना हलवलात आणि सरासरी चार गुणांनी वर गेली तर हुरळू नका, चारने खाली गेली तर रकाना परत पहिल्या पानावर आणू नका.

आता तुम्ही पत्रात ओघात लिहून पुढे गेलात त्या दोन गोष्टी. मला रकान्यापेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटते.

पहिली ती यादी. रकान्यात मुलगा काय लिहितो ते त्याला एकट्याला माहीत असतं. यादी चारचौघांत लागते. या फरकावर एक अभ्यास आहे आणि तो अमेरिकेतला नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. त्यातले निम्मे तथाकथित वरच्या जातींचे होते, निम्मे दलित. जात म्हणजे वंश नव्हे हे मान्य, पण जन्माने मिळालेला शिक्का चारचौघांत वाचून दाखवला की काय होतं ते यात नेमकं दिसतं. सहासहा मुलांना एकत्र बसवलं होतं, तीन इकडचे, तीन तिकडचे. काही गटांत कोणाची जात जाहीर केली नाही. तिथे दोघांच्या कामगिरीत फरक नव्हता. काही गटांत प्रत्येकाचं नाव, गाव, वडील, आजोबा आणि जात मोठ्याने वाचून दाखवली, मुलाने फक्त मान हलवायची. तिथे दलित मुलांनी सोडवलेली कोडी कमी झाली आणि दोन गटांत ठळक दरी पडली. त्याच वयाची मुलं, त्याच प्रकारची कोडी. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

यात माझ्या मनात रुतून बसलेला भाग वेगळाच आहे. हे घाबरल्यामुळेच झालं, असं लेखिका ठामपणे म्हणत नाहीत. त्या एक दुसरी शक्यता पुढे ठेवतात: जात जाहीर झाली की त्या मुलाने ताडलं, इथे आपल्याला न्याय मिळणार नाही, मग जीव तोडून कशाला सोडवा? तसं असेल तर 'घाबरू नकोस' म्हणून भागत नाही. इथे न्याय मिळेल हे त्याला दिसावं लागतं.

म्हणून यादी बदला. जादा तासाला कोणी बसायचं ते समाजावरून किंवा एकूण गुणांवरून ठरवूच नका, घटकावरून ठरवा. 'मंगळवारी वर्गसमीकरणं, गुरुवारी समरूप त्रिकोण'. ज्याचे त्या घटकातले प्रश्न चुकले तो त्या दिवशी येईल. वर्गातला पहिला नंबरही एखाद्या गुरुवारी तिथे बसलेला दिसेल, आणि तो दिसलाच पाहिजे, नाहीतर महिन्याभरात यादीला पुन्हा तेच नाव पडेल. यादी भिंतीवर लावू नका, उत्तरपत्रिकेतच लिहून द्या. हे करायला तुम्हाला प्रश्नागणिक गुणांची नोंद ठेवावी लागेल. वाढीव काम आहे, नाही असं म्हणत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातंय, कारण तुम्ही ती मायेने केलीत. "सगळ्यांना दाखवून द्या." फक्त त्याच मुलांना बाजूला घेऊन. ते वाक्य त्या मुलांच्या बाजूने ऐकून बघा. पेपरला दहा मिनिटं असताना बाई सांगतायत की सगळ्यांचा तुमच्याबद्दल एक ग्रह आहे, बाईंनाही तो माहीत आहे, आणि पुढच्या दोन तासांत तो खोटा ठरवायची जबाबदारी तुमची. रकान्याने जे कदाचित केलं असतं ते या वाक्याने नक्की केलं असणार. मी स्वतः शिकवत होते तेव्हा हेच करत असे, शब्द फक्त वेगळे होते, 'तुमच्या लोकांची मान उंच करा'. एका मुलीने वर्ष संपल्यावर मला विचारलं, "बाई, बाकीच्यांना नुसता पेपर लिहायचा असतो ना?" तिला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. चांगल्या शिक्क्याचंही तसंच आहे. 'तुम्ही लोक तर गणितात हुशारच' हे ज्यांच्या वाट्याला येतं, तेही अडखळू शकतात. आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलींवरच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांच्या समाजाच्या गणिती हुशारीची अपेक्षा उघडपणे जागवली, तेव्हा लक्ष विचलित होऊन त्यांचे गुण घसरले होते.

मुलाच्या डोक्यात त्या वेळी काय चालतं तेही थोडं सांगते, म्हणजे काय बोलायचं ते ठरवता येईल. अवघड उदाहरण सोडवताना आपण मधल्या पायऱ्या मनात धरून ठेवतो. ही जागा फार थोडी असते. धास्तावलेलं मूल त्याच जागेत आणखी तीन कामं करतं: आपलं चुकतंय का यावर पहारा ठेवतं, वाईट विचार दाबतं, आणि शांत असल्याचं दाखवतं. सोप्या उदाहरणाला जागा कमी लागते, म्हणून तिथे काही बिघडत नाही. अवघड आलं की पायरी निसटते. मूल मागे जातं, पुन्हा वाचतं, खोडतं, वेळ संपतो. म्हणजे ही धास्ती आळसासारखी दिसत नाही, अतिकाळजीसारखी दिसते.

पुढच्या वेळी सगळ्या वर्गाला एकच वाक्य सांगा, कोणालाही बाजूला न घेता: "या पेपरातून मला कळणार आहे की मी कोणता घटक नीट शिकवलाय आणि कोणता परत घ्यायचाय." मात्र ते खरं असलं पाहिजे. पेपरानंतर एखादा घटक तुम्ही खरंच परत घेतलात तरच दुसऱ्या वेळी त्या वाक्यावर कोणी विश्वास ठेवील. वार्षिक परीक्षेला हे वाक्य बोलू नका, तिथे ते खोटं ठरेल आणि मुलांना ते कळतं.

उत्तरपत्रिका परत देतानाची पाच मिनिटं परीक्षेआधीच्या पाच मिनिटांपेक्षा जास्त मोलाची आहेत असं माझं मत आहे. शिक्क्याखाली वाढलेल्या मुलाला लाल शेऱ्यातून नेमकं काय घ्यायचं ते कळत नाही. हा शेरा माझ्या गणितावर आहे की माझ्यावर? गुळमुळीत कौतुकाने तर संशय वाढतोच. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारखे कडक शेरे दिले आणि वर एक चिठ्ठी लावली. काहींच्या चिठ्ठीत साधं वाक्य होतं. काहींच्या चिठ्ठीत साधारण असं होतं की माझ्या अपेक्षा फार वरच्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे. साध्या चिठ्ठीवर कृष्णवर्णीय मुलांपैकी शंभरात सतरा जणांनी निबंध सुधारून परत दिला. दुसऱ्या चिठ्ठीवर हे प्रमाण सत्तरच्या वर गेलं. गट अगदी लहान होता, आकडा डोक्यावर घेऊन नाचू नका. पण त्या चिठ्ठीत तीन गोष्टी एकत्र आहेत, आणि शिक्षक म्हणून आपण त्यातली एकच दरवेळी वापरतो: शेरा कडक आहे, मापदंड वरचा आहे, आणि तू तिथवर पोचशील असा माझा अंदाज आहे. चिठ्ठी सगळ्यांना द्या. एकाच समाजाच्या मुलांना दिलीत की ती यादीच झाली.

तुम्ही शब्दांत विचारलेलं नाही, पण पुढे मनात येईल म्हणून: या धास्तीबद्दल मुलांना उघड सांगावं का? मी नववीच्या वर्गात परीक्षेच्या तोंडावर सांगणार नाही. या विषयावर आधी समजावून दिल्याने विद्यार्थिनींना गणिताच्या चाचणीत मदत झाली असा एक अभ्यास २००५ चा आहे, पण त्या महाविद्यालयातल्या होत्या आणि तो एकच अभ्यास माझ्या भरवशाला पुरत नाही. सांगायचंच असेल तर परीक्षेपासून दूर, सगळ्या वर्गाला, आणि मुली, मुलगे, उंच, बुटके सगळ्यांना लागू पडेल अशा उदाहरणांनी.

आणि तो मुलगा. त्याच्याशी बोलण्याआधी त्याची उत्तरपत्रिका काढून बसा. कोरं काय आहे ते बघा. सोपी उदाहरणं बरोबर, अवघडांत सुरुवात बरोबर आणि मग खाडाखोड, आणि शेवटचे प्रश्न वेळ न उरल्यामुळे कोरे, असं असेल तर धास्तीची शक्यता आहे. कोरे प्रश्न पेपरभर विखुरलेले असतील आणि एकाच घटकाचे असतील तर त्याला तो घटक येत नाही, इतकं ते साधं आहे. फळ्यावर बरोबर येतं याचाही नीट विचार करा. फळ्यावर तुम्ही शेजारी उभ्या असता, एक पायरी चुकली की तुमची भुवई वर जाते आणि तो तिथेच सुधारतो. म्हणजे फळ्यावर जे दिसतं ते दोघांचं मिळून असू शकतं.

खात्री करायची तर त्याच पेपरातल्या अवघड उदाहरणांसारखीच पाच उदाहरणं, फक्त आकडे बदलून, त्याला एका कागदावर द्या. गुण नाहीत, वेळेचं बंधन नाही, तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला वह्या तपासत बसा. बाकीच्या दोन-चार मुलांनाही त्याच वेळी बसवा, वेगवेगळ्या समाजांतली. चार-पाच बरोबर आली तर पुढच्या चाचणीत त्याला सांगा की अवघड उदाहरण दहा मिनिटांत हललं नाही तर रेघ मारून पुढे जा, त्या रेघेचे गुण कापणार नाही. दोनच आली तर त्याला मंगळवारच्या तासाला बोलवा आणि जिथे अडतोय तिथून, सातवीच्या अपूर्णांकांपासून असलं तरी, सुरू करा.